आवाहनात ओहोटीची वेळ लिहा

कांदळवन सफाईसाठी स्वयंसेवक बोलावणाऱ्या मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतल्या सर्व संस्थांच्या कार्यकर्त्यांस,



पाऊस सरला, दिवाळी उलटली की खाडीकाठी सफाईचा हंगाम सुरू होतो. मग दर आठवड्याला कुणा ना कुणाची पोस्ट व्हॉट्सॲपवर फिरते. वर मागच्या मोहिमेचा फोटो आणि खाली चार ओळींचं आवाहन. हे पत्र त्या चार ओळींविषयी आहे. फोटो निवडायला आपण तासभर घालवतो आणि मजकूर शेवटच्या पाच मिनिटांत लिहितो. पण नव्याने येणारा माणूस त्या मजकुरावरच घरून निघतो. काय घालायचं, मुलीला बरोबर न्यायचं का, दुपारच्या जेवणाला घरी पोहोचू का, हे सगळं तो त्या चार ओळींवरून ठरवतो. जागेवर पोहोचल्यावर सूचना देऊच, असं आपल्याला वाटतं खरं. पण चप्पल घालून आलेल्या माणसाला जागेवर सूचना देऊन बूट मिळत नाहीत.

एक उदाहरण सांगतो. संस्थेचं नाव घेत नाही, कारण अशी आवाहनं आजही सर्रास दिसतात. मजकूर साधारण असा होता: रविवारी सकाळी साडेसात ते साडेदहा, खारफुटी वाचवायला या, सोबत पाण्याची बाटली आणि उत्साह आणा. तो रविवार पौर्णिमेचा होता. पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या आगेमागे असते, म्हणजे ओहोटी पहाटेच होऊन गेलेली असते. लोक साडेसातला जमले तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. ओळखपाळख, फोटो, हातमोज्यांचं वाटप यात आठ वाजले. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत झपाट्याने चढतं, आणि नेमक्या त्याच दोन तासांत ही मंडळी तिवरांच्या मुळांमध्ये वाकून पिशव्या ओढत होती. नऊच्या सुमारास चिखलावर पाण्याचा पातळ थर आला. पायाखालचं काही दिसेनासं झालं. कुणाचा पाय काचेवर पडला, कुणाची चप्पल चिखलातच राहिली, भरलेली पोती पाण्यात भिजून दुप्पट जड झाली आणि त्यातली काही तिथेच सोडून सगळे बाहेर आले. पाणी छातीपर्यंत चढलं नाही, जिवावर बेतलं नाही. पण वेचलेला कचरा संध्याकाळच्या आत पुन्हा खाडीत गेला.

त्या आवाहनात उत्साह मागितला होता आणि तो लोकांनी भरपूर आणला होता. कमी पडली ती वेळ ठरवण्याची पद्धत.

म्हणून माझं पहिलं मागणं हे की रविवार आहे, सकाळ आहे, लोकांना सुट्टी आहे, यावरून वेळ ठरवू नका. ओहोटीवरून ठरवा. कोळीवाड्यात आणि कोकणातल्या खाडीकाठच्या गावांत भरतीचा हिशेब फार जुना आणि सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठला. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच, कारण दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं आणि भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. भरतीत सहा तास आणि वर दहा-पंधरा मिनिटं मिळवली की ओहोटी. म्हणजे चतुर्थीला पहाटे तीनची भरती आणि सकाळी सव्वानऊच्या सुमारास ओहोटी.

हा हिशेब अंदाजाचा आहे आणि तो अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतो. पुढच्या महिन्यातले कोणते रविवार कामाचे आणि कोणते नाहीत हे पंचांग हातात घेऊन पाच मिनिटांत कळावं, एवढ्यासाठी तो वापरा. तारीख पक्की करताना भरती-ओहोटीचं छापील कोष्टकच बघा. मुंबईचं कोष्टक अपोलो बंदराचं असतं. ठाणे खाडीत आत जावं तसं पाणी उशिरा पोहोचतं आणि उशिराच उतरतं. तुमच्या जागी किती उशिरा, हे त्या काठावर होडी लावणाऱ्या माणसाला विचारा. त्याला ते तोंडपाठ असतं. वारा जोराचा असेल तर काय होतं, हेही तोच सांगेल.

तिथी बघण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचं पाणी कांदळवनाच्या पार आतल्या काठापर्यंत, बांधापर्यंत चढतं आणि उतरताना तरंगणारा कचरा तिथे सोडून जातं. पुढे अष्टमीपर्यंत भरतीची उंची रोज कमी होत जाते, भांगाचं पाणी त्या काठापर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे तृतीया, चतुर्थी, पंचमी या तिथींना तीन गोष्टी एकदम जुळतात. ताजा कचरा काठावर एका ओळीत पडलेला असतो, ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते, आणि पुढचे काही दिवस पाणी त्या ओळीपर्यंत परत चढत नाही. महिन्यात अशा तिथी दोनदा येतात. त्यात रविवार सापडला तर उत्तम. नाही सापडला तर शनिवार घ्या. पण अष्टमीच्या रविवारी भर दुपारच्या ओहोटीला लोकांना उन्हात उभं करू नका, आणि पौर्णिमेच्या रविवारी तर चिखलात उतरवूच नका.

आता आवाहनात वेळ कशी लिहायची? ‘सकाळी सात ते दहा’ एवढ्याने भागत नाही. ओहोटी किती वाजता आहे ते लिहा, चिखलात कधी उतरणार ते लिहा आणि बाहेर कधी येणार तेही लिहा. चतुर्थीचं उदाहरण पुढे नेऊ. ओहोटी सव्वानऊला आहे. सव्वासातला जमायचं, अर्धा तास सूचना आणि साहित्य, पावणेआठला उतरायचं, पावणेदहाला सगळे बाहेर. म्हणजे पाणी उतरत असताना दीड तास आणि पाणी वळल्यावर फक्त अर्धा तास. त्यानंतर पाऊण तास कोरड्या जागी वर्गीकरण आणि हातपाय धुणं. साडेदहाला माणूस मोकळा. चिखलातले दोन तास हे नव्या माणसाला पुरेसे असतात. त्यापुढे पाय जड होतात आणि इजा बहुधा तेव्हाच होतात. ‘उशिरा येणाऱ्यांना चिखलात उतरता येणार नाही, त्यांना वर्गीकरणाचं काम मिळेल,’ हे वाक्यही घाला. कारण जागेवरच्या सूचना न ऐकता मागून एकटा आत शिरणारा माणूस सगळ्यांत जास्त धोक्यात असतो.

कामाबद्दल लिहिताना ‘सफाई’ हा एकच शब्द लिहून थांबू नका. सफाई म्हटलं की लोक अंगण झाडल्यासारखं सगळं उचलतात. कांदळवनात सगळं उचलायचं नसतं. गळालेली पानं, कुजकी फांदी, चिखलात पडलेल्या रोपधारी शेंगा हा कचरा नव्हे. पानं कुजली की त्यावरच खेकडे आणि कोळंबीची पिल्लं जगतात. उचलायचं ते माणसाने टाकलेलं, आणि त्यातही आधी कोणतं, याचा क्रम आहे. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर उभी असतात. झाड त्यांच्यातून हवा घेतं, कारण खालच्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच. या मुळांवर प्लॅस्टिकची पिशवी, साडीचा तुकडा किंवा जाळं बसलं की छिद्रं झाकली जातात, वर गाळ साचतो आणि तेवढा भाग गुदमरतो. म्हणून मोकळ्या चिखलावर पडलेल्या दहा बाटल्यांपेक्षा मुळांवर ताणून बसलेली एक पिशवी आधी काढायची. बाटली दिसते, हाताला लगेच येते, पोतं पटकन भरतं, त्यामुळे नवे स्वयंसेवक बाटल्यांच्याच मागे लागतात. आवाहनात एक ओळ लिहिली की हे टळतं: मुळांवर अडकलेलं कापड, पिशव्या आणि जाळी सोडवणं, हे आपलं मुख्य काम आहे.

सोडवणं म्हणजे ओढणं नव्हे. चिखलात अर्धी गाडली गेलेली साडी जोर लावून ओढली की तिच्याबरोबर बारीक मुळांचा गुंता निघून येतो. वर दिसतं तेवढं कात्रीने कापायचं आणि खालचं राहू द्यायचं. याचं दुःख होतं, अर्धं काम सोडल्यासारखं वाटतं, पण झाडाच्या दृष्टीने तेच बरोबर. जुन्या जाळ्याचंही तसंच. जाळं कापून तुकड्या-तुकड्याने काढायचं आणि आधी त्यात खेकडा अडकलाय का ते बघायचं. आणि पाय कुठे ठेवायचा? जिथे पुढच्याने ठेवला तिथेच. पंचवीस माणसं पंचवीस वाटांनी आत शिरली तर मोडलेली मुळं त्यांनी सोडवलेल्या मुळांपेक्षा जास्त होतील. म्हणून एका रांगेत जायचं, जुन्या पायवाटेने जायचं, आणि काम काठाच्या पट्ट्यातच करायचं. खाडीच्या बाजूला, उघड्या पडलेल्या चिखलपठारावर जायचं नाही. ओहोटीला फ्लेमिंगो आणि छोटे चिखलपक्षी तिथेच खात असतात. आपण उतरतो तीच त्यांची जेवणाची वेळ असते.

काही वस्तूंना स्वयंसेवकाने हात लावायचाच नाही: सुया, सिरिंज, फुटक्या ट्यूबलाइट, झाकण बंद असलेले डबे आणि बरण्या. दिसलं की जागेवरून ओरडायचं, समन्वयकाने चिमट्याने उचलून जाड प्लॅस्टिकच्या बरणीत टाकायचं. हे आवाहनात लिहिलं तर लोक घाबरतील, असं काही कार्यकर्ते म्हणतात. माझा अनुभव असा की लोक घाबरत नाहीत, त्यांना बरं वाटतं. आपली काळजी कुणीतरी आधीच केलेली आहे हे त्यांना कळतं.

आणि कृपा करून सफाईच्या आवाहनात ‘सोबत वृक्षारोपण’ असं जोडू नका. कांदळवनात कुठे, कोणत्या जातीचं आणि किती उंचीवर रोप लावायचं हे वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं काम आहे. पक्षी जिथे खातात त्या उघड्या चिखलात रोपं टोचली तर रोपं मरतात किंवा पक्ष्यांची जागा जाते.

चिखलात न उतरणाऱ्यांसाठी काम असतं, आणि ते आवाहनात आलंच पाहिजे. बांधावर ताडपत्री अंथरून वर्गीकरण करणं, पोत्यांचं वजन करून वहीत लिहिणं, कोण आत गेलं आणि कोण बाहेर आलं याची हजेरी ठेवणं, ही कामं गुडघे दुखणाऱ्या आजोबांना, गरोदर बाईला, पायाला जखम असलेल्या तरुणाला उत्तम करता येतात. हजेरीचं काम तर सगळ्यांत जबाबदारीचं. पण आवाहनात फक्त गुडघाभर चिखलातले फोटो असतात, त्यामुळे ही माणसं ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणून घरीच थांबतात.

सोबत काय आणायचं, या ओळीवर सर्वांत कमी विचार होतो. पायांपासून सुरुवात करा. चप्पल आणि सँडल चालत नाहीत, चिखल त्या ओढून घेतो. गमबूट छान दिसतात. पण मऊ चिखलात सैल गमबूट अडकतो, पाय वर येतो आणि बूट खाली राहतो. नव्या माणसासाठी जुने, घट्ट लेसचे, जाड तळाचे कापडी बूट सगळ्यांत बरे. ते खराब होणारच, हेही लिहा, म्हणजे कुणी नवे घालून येणार नाही. अनवाणी उतरणं तर अजिबात नको. दगडांना आणि खोडांना चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि पूर्ण पँट. एक तर डास आणि ऊन, आणि दुसरं म्हणजे काही ठिकाणी गेवा असतो. त्याची फांदी मोडली की पांढरा चीक निघतो, तो कातडीला झोंबतो आणि डोळ्यांत गेला तर फारच त्रास होतो. त्या झाडाला हात लावायचा नाही हे जागेवर दाखवाच.

पाणी घरूनच, स्वतःच्या बाटलीत, निदान दीड लिटर. प्यायचं वेगळं आणि हात धुवायला थोडं वेगळं असेल तर अधिक बरं. टोपी, कपड्यांचा एक जोड, चिखलाचे बूट परत नेण्यासाठी जुनी पिशवी. घरी जाड रबरी हातमोजे असतील तर ते. संस्था हातमोजे देणार असेल तर ‘आम्ही देऊ’ असं स्पष्ट लिहा. दवाखान्यातले पातळ मोजे मात्र देऊ नका, ते पहिल्या काचेला फाटतात. दागिने, घड्याळ घरी ठेवायला सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन अलीकडे घेतलेलं नसेल तर येण्याआधी डॉक्टरांना विचारा, ही ओळही हवी. पायाला उघडी जखम असेल तर चिखलात उतरायचं नाही. पावसाळ्यात तर ही मोहीम घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका असतो आणि उधाणही मोठं असतं. ऑक्टोबर ते मे हे महिने पुरेसे आहेत.

एक गोष्ट बहुतेक आवाहनांत नसते आणि बायका ती फोन करून विचारतात, किंवा विचारायचा संकोच वाटतो म्हणून येतच नाहीत. जवळचं स्वच्छतागृह कुठे आहे? खाडीकाठी ते बहुधा नसतंच. मग सर्वांत जवळचं कुठे, चालत किती मिनिटांवर, आणि मोहीम संपल्यावर कपडे बदलायला आडोसा आहे का, हे लिहा. नसेल तर ‘नाही’ असं लिहा. माणूस त्याप्रमाणे तयारीने येतो. जागेचंही तसंच. नकाशाची खूण पाठवली तरी कोणतं स्टेशन, कोणत्या बाजूने बाहेर पडायचं आणि पुढे रिक्षा की चालत, हे शब्दांत लिहा. कांदळवनाच्या कडेला नकाशातली खूण अनेकदा माणसाला बांधाच्या पलीकडे, नको त्या बाजूला नेते.

आता नाव नोंदवणं. ‘सर्वांचं स्वागत, थेट या’ हे ऐकायला मोकळं वाटतं, पण खाडीत ते धोक्याचं आहे. दर आठ-दहा नव्या माणसांमागे एक जाणता समन्वयक लागतो. तुमच्याकडे तीन असतील तर पंचवीस-तीस माणसं, त्यापुढे नाही. संख्येची मर्यादा आवाहनात लिहा आणि पुढच्यांची नावं पुढच्या मोहिमेसाठी घ्या. दुसरं कारण परवानगीचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे कांदळवनाला कायद्याचं कडक संरक्षण आहे. ठाणे खाडीचा एक मोठा पट्टा 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 पासून रामसर यादीतलं पाणथळ क्षेत्र. तिथे सफाईसाठीसुद्धा वन विभागाची परवानगी घ्यावीच लागते, आणि किती माणसं येणार हे आधी सांगावं लागतं. परवानगी मिळाली असेल तर तसं आवाहनात लिहा. मिळाली नसेल तर आवाहनच टाकू नका.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये थोडंच विचारा: नाव, वय, फोन, अडचण आली तर कुणाला कळवायचं त्यांचा फोन, काही आजार किंवा ॲलर्जी, चिखलात उतरणार की कोरड्या जागी काम करणार. तुम्ही बूट पुरवणार असाल तर पायाचं मापही. सोळा-सतरा जणांना एकाच मापाचे बूट पुरले, असं कधी होत नाही. आधार क्रमांक, जन्मतारीख, घरचा पूर्ण पत्ता मागू नका. त्याचा काही उपयोग नाही आणि ती माहिती सांभाळायची जबाबदारी मात्र आपल्यावर येते. अठरा वर्षांखालच्या मुलांबरोबर पालक हवा. फॉर्म भरता न येणाऱ्यांसाठी एक फोन नंबर आणि तो उचलण्याची वेळ द्या. मुदत गुरुवार संध्याकाळची ठेवा, म्हणजे साहित्य आणायला दोन दिवस मिळतात. शनिवारी प्रत्येकाला जागा आणि वेळ पुन्हा कळवा. येणं रद्द झालं तर शुक्रवारपर्यंत कळवा, ही विनंतीही लिहा. पुष्कळ जण नाव देतात आणि येत नाहीत. त्यांनी वेळेत सांगितलं तर प्रतीक्षेतल्या माणसाला जागा मिळते.

शेवटी पोती. ही ओळ स्वयंसेवकासाठी आहे आणि आपल्यासाठीही. कचरा कोण उचलणार, कधी आणि कुठे नेणार, हे ठरवल्याशिवाय मोहिमेची तारीख जाहीर करू नये. महापालिकेच्या प्रभागातल्या घनकचरा विभागाला आठवडाभर आधी लेखी कळवावं लागतं. रविवारी गाडी येईल का, आणि ती बांधापर्यंत येऊ शकते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गाडी मोठी असेल आणि वाट अरुंद असेल तर पोती मुख्य रस्त्यापर्यंत वाहून न्यावी लागतात. त्याला माणसं आणि वेळ लागतो, तो वेळापत्रकात धरा. पोतं अर्धंच भरा. ओल्या चिखलासकट पूर्ण भरलेलं पोतं एका माणसाला उचलत नाही, आणि दोघांनी चिखलातून ओढलं तर वाटेतली मुळं मोडतात. बाटल्या आणि जाड प्लॅस्टिक भंगारवाला घेतो. चिखलाने माखलेल्या पातळ पिशव्या आणि थर्माकोल तो घेत नाही, ते महापालिकेकडेच जातं. गाडी आली नाही आणि पोती काठावर राहिली, तर रात्रीत कुत्री ती फाडतात आणि पुढच्या उधाणाला सगळं परत आत जातं.

हे सगळं चार ओळींत कसं मावणार, असं तुम्ही विचाराल. चार ओळींत नाही मावत. पण एका फोनच्या पडद्यावर मावतं. चतुर्थीच्या त्याच रविवारसाठी मी असं लिहीन:

‘रविवारी, वद्य चतुर्थीला, खाडीकाठच्या कांदळवनात सफाई. ओहोटी सकाळी 9.15 च्या सुमारास. 7.15 ला बांधावर जमायचं, 7.45 ते 9.45 चिखलात काम, 10.30 ला मोकळे. 7.45 नंतर येणाऱ्यांना चिखलात उतरता येणार नाही.

काम: तिवरांच्या मुळांवर अडकलेल्या पिशव्या, कापड आणि जाळी कापून सोडवणं. चिखलात उतरायचं नसेल तर वर्गीकरण, वजन आणि हजेरीचं काम आहे. सुया, काच, बंद डबे यांना हात लावायचा नाही. त्यासाठी आमचा माणूस असेल.

घालून या: जुने घट्ट लेसचे बूट (खराब होतील), पूर्ण पँट, पूर्ण बाह्या, टोपी. सोबत: दीड लिटर पाणी, कपड्यांचा जोड, बुटांसाठी पिशवी. हातमोजे, कात्र्या आणि पोती आम्ही देऊ. पायाला जखम असेल तर कोरड्या जागी काम घ्या. बांधावर स्वच्छतागृह नाही. सर्वांत जवळचं स्टेशनवर, चालत वीस मिनिटं. कपडे बदलायला आडोसा आहे.

जागा 25. गुरुवारी संध्याकाळी 6 पर्यंत फॉर्म भरा किंवा संध्याकाळी 5 ते 8 मध्ये फोन करा. 18 वर्षांखालच्यांबरोबर पालक हवा. शुल्क नाही. वन विभागाची परवानगी घेतली आहे. कचरा 10.30 ला महापालिकेची गाडी नेईल.’

एवढंच. यात वाचवूया, जपूया, पुढच्या पिढीसाठी असं काही नाही. जो हे शेवटपर्यंत वाचून फॉर्म भरतो, त्याला कांदळवन का जपायचं हे पटवायला लागत नाही. स्टेशनपासून किती चालायचं आणि कोणते बूट घालायचे, एवढंच त्याला हवं असतं. आणि एकदा नीट वेळेत गेलेला, इजा न होता, साडेदहाला मोकळा झालेला माणूस पुढच्या चतुर्थीला स्वतःहून विचारतो. आपल्याला दरवेळी नवे पन्नास चेहरे नकोत. तीच वीस-पंचवीस माणसं परत परत आली, तर त्यांना वाट माहीत असते, गेवा ओळखता येतो आणि पुढच्या खेपेला त्यांच्यातलेच दोघे समन्वयक होऊ शकतात.

म्हणून पुढचं आवाहन टाकण्याआधी तीनच गोष्टी करा. पंचांगात तिथी आणि कोष्टकात ओहोटी बघा, काठावरच्या होडीवाल्याला तुमच्या जागेची वेळ विचारा, आणि पोती कोणती गाडी नेणार ते लेखी घ्या. या तिन्हींची उत्तरं हातात नसतील तर तारीख एक पंधरवडा पुढे ढकला. चतुर्थी पुन्हा येतेच.

आपला,
ठाणे खाडीकाठचा एक कार्यकर्ता